दोन मयती, एक बलुतं आणि आपलं गाव

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि निवांत वाचा. विषय आपल्या घरातलाच आहे.

मागच्या वर्षी सहा महिन्यांच्या अंतरानं मी दोन मयतींना गेलो. पहिली गावातली. रिसोड तालुक्यात आमचं गाव आहे. माझी मोठी आई पहाटे गेली. कोणालाही फोन करावा लागला नाही. दिवस उगवायच्या आत ओटा माणसांनी भरून गेला होता. कोणी बांबू आणले, कोणी सुतळी, कोणी मडकं. लाकडं फोडायला चार पोरं स्वतःहून कुऱ्हाड घेऊन गेली. आमच्या घरात चूल पेटली नाही, पण दुपारी चार घरांतून पिठलं-भाकर आली. कोणी काय आणायचं हे कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कोणी कोणाला सांगितलंही नव्हतं.

दुसरी मयत पुण्यातली. मयत झालेला माणूस आपल्याच जिल्ह्यातला. एका मोठ्या सोसायटीत रखवालदार म्हणून रात्रपाळी करायचा आणि भाड्याच्या एका खोलीत बायको-पोरासंग राहायचा. माझा चुलतभाऊ त्याच इमारतीत राहतो, म्हणून मला कळलं. रात्री छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच माणूस संपला. आता शहरात घरी माणूस गेला की पहिला प्रश्न रडण्याचा नसतो, कागदाचा असतो. डॉक्टरनं मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला लागतो. घरच्या मृत्यूसाठी तो '४ अ' नमुन्यात असतो. त्याशिवाय स्मशानाचा पास मिळत नाही. ज्या डॉक्टरनं त्या माणसाला आधी कधी तपासलेलं नाही तो सही करायला कचरतो, आणि त्याचंही चूक म्हणता येत नाही. मग पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन. दुपारी चारला मयत हातात आली. साडेचारशे किलोमीटर गावाकडं न्यायची की इथंच उरकायचं, हे त्या बाईनं एकटीनं ठरवलं. स्मशानात आम्ही अकरा माणसं होतो. त्यातले चौघे तर त्या माणसाला ओळखतही नव्हते.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? गाव मायेचं, शहर कोरडं, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. मीही तेच म्हणत परत निघालो होतो. पण निघताना ती बाई माझ्या भावजयीला जे बोलली, त्यानं माझं डोकं फिरलं. ती म्हणाली, "इथं कोनी इचारलं नाही बाई, का तुमची जागा कोनती म्हणून."

तिचं घर बौद्ध. आमच्या गावात, तिच्या गावात, आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत स्मशानं वेगवेगळी आहेत. माझ्या मोठ्या आईच्या मयतीला तीनशे माणूस होतं हे खरं. पण ते ज्या जागेवर गेलं, तिथं त्या बाईच्या नवऱ्याला गावानं जाळू दिलं असतं का? आणि पुण्यात अकराच माणसं होती, पण ओटा सगळ्यांचा एकच होता.

या एका वाक्यावरून मी गावगाड्याचा इतिहास पुन्हा काढून बसलो. त्यातलं जे हाती लागलं ते सांगतो.

समाजशास्त्रात या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १८८७ सालचं. लिहिणारा जर्मन, नाव फर्डिनांड ट्योनीज. शेतकरी कुटुंबातला माणूस. त्यानं माणसांच्या एकत्र राहण्याचे दोन प्रकार सांगितले. पहिल्याला त्यानं 'गेमाइनशाफ्ट' म्हटलं. रक्त, शेजार, एकच देव, एकच पांदण, यांतून आपोआप तयार झालेलं नातं. ते आपण निवडत नाही, त्यात जन्मतो. दुसरा 'गेझेलशाफ्ट'. काही कामापुरतं, अटी ठरवून, करारानं जोडलेलं नातं. काम संपलं की तेही संपतं. आपल्या भाषेत सोपं करायचं तर एक गावकी आणि दुसरी संस्था. ट्योनीजचा मुद्दा असा, की पहिल्या प्रकारात माणसं भांडली, वेगळी निघाली तरी आतून जोडलेली राहतात. दुसऱ्यात एकाच छताखाली असली तरी आतून सुटीच असतात.

आता हे आपल्या मातीत लावून पाहू. वऱ्हाडातल्या गावाला जोडून ठेवणारी सगळ्यात पक्की दोरी कोणती होती? माझ्या मते ती माया नव्हती, ती बलुतं होती. माया नंतर त्यावर चढली.

बलुतं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना फक्त शब्द म्हणून माहीत आहे. त्रिंबक नारायण आत्रे नावाचे गृहस्थ महसूल खात्यात होते. त्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' हे पुस्तक लिहिलं. त्यांचा अनुभव जास्त करून देशावरचा, पण सांगाडा आपल्याकडचाही तोच. सुतार, लोहार, चांभार, महार, न्हावी, परीट, कुंभार असे गावकामगार गावाची कामं वर्षभर करायचे आणि पीक निघालं की खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचे. शेतीला ज्याचं काम जास्त लागतं त्याची ओळ थोरली, ज्याचं कमी त्याची धाकटी.

एका सुताराचा हिशेब मांडून पाहू. आकडे फक्त समजण्यापुरते धरा, माप गावागणिक बदलायचं. समजा गावात ४० औतं आहेत. औत म्हणजे बैलजोडी आणि तिच्यामागची शेती. दर औतामागं सुताराचं बलुतं १२ पायल्या ज्वारी, म्हणजे एक मण. ४० औतांचे झाले ४० मण, म्हणजे दोन खंडी. एवढ्यात त्याच्या घराची वर्षाची भाकर निघाली. बदल्यात त्यानं काय करायचं? वखर, डवरं, तिफण, जू, जे मोडेल ते नीट करून द्यायचं. लाकूड शेतकऱ्याचं, हात सुताराचा. नवीन गाडी बनवायची असली तर ती बलुत्यात बसत नसे, तिचे पैसे वेगळे.

यात दोन गोष्टी बारकाईनं पाहा. एक, सुतार कोणा एका शेतकऱ्याचा नोकर नव्हता. तो गावाचा होता. एखाद्याचं वर्षभर काहीच मोडलं नाही तरी त्यानं बलुतं द्यायचं, आणि एखाद्याची तिफण ऐन पेरणीत तीनदा मोडली तरी सुतारानं जास्तीचं मागायचं नाही. म्हणजे हा एक प्रकारचा विमाच होता. दोन, मोल दाण्यात होतं आणि खळ्यावर होतं. पीक अर्धं आलं तर वाटाही आटायचा. नुकसान सगळ्यांत वाटलं जायचं.

माझे आजोबा म्हणायचे, "आमच्या वक्ती पैसा कोनं पायला होता? खळ्यावर मापलं, का साल निंघालं." ते हे अभिमानानं सांगायचे. पण आत्रे वाचा, त्यात गुणगान नाही. खळ्यावर एकामागून एक हक्कदार येतात आणि कुणब्याच्या राशीला कशी गळती लागते हे ते लिहितात. काम नीट केलं नाही तरी वाटा हक्कानं न्यायचा, ही तक्रारही आहे. नातं निवडलेलं नसलं की असं होतं. सुतार वाईट निघाला तरी बदलता येत नाही, आणि गाव वाईट निघालं तरी सुताराला सोडता येत नाही.

मग ही दोरी तुटली कधी? आपल्याकडं सरळ उत्तर देतात, इंग्रज आले आणि तुटली. ते अर्धंच खरं.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. त्या काळात आपलं वाशीम, त्यांच्या कागदात 'बासिम', हे स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा वेगळा झाला. तर या काळात तीन गोष्टी लागोपाठ घडल्या. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर रेल्वे अकोल्यावरून धावू लागली आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटा गेला. पुढं आपल्या कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे गेली, जिला आपण शकुंतला म्हणतो, तीही कापसासाठीच. आणि तिसरी गोष्ट, जमिनीची मोजणी होऊन सातबाऱ्याच्या पूर्वजांसारखे कागद झाले. सारा रोख भरायचा आणि जमीन गहाण टाकता येईल, विकता येईल, कोर्टात जप्त होईल.

याचा बलुत्यावर परिणाम सरळ आहे. कापूस खळ्यावर येत नाही, तो बाजारात जातो. पायलीनं मापून सुताराला कापूस देता येत नाही, आणि दिला तरी त्याची भाकर होत नाही. जितका कापूस वाढला तितकी बलुत्याची रास लहान झाली. तरी ते मेलं नाही, कारण शेतकरी अर्ध्या रानात ज्वारी पेरतच होता. माणसाला भाकर आणि बैलाला कडबा लागायचाच.

मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. संवत १९५६, म्हणून लोक त्याला छप्पनचा काळ म्हणत. वऱ्हाडातही त्यानं माणसं आणि ढोरं पडली. गावकीचा विमा इथं उघडा पडला. एकाचं घर जळालं, एकाचा बैल मेला, तर गाव सांभाळतं. पण सगळ्यांचीच रास रिकामी असली तर वाटायचं काय? शेजाऱ्याच्या जिवावर उभी असलेली व्यवस्था शेजारी पडला की पडते. अशा वेळी मदत दूरवरूनच यावी लागते, जिथं पाऊस पडलाय तिथून, आणि ती देणारा तुम्हाला ओळखत नसतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी सुरू केली, वि. स. पागे यांच्या विचारातून. खडी फोडायला गेलेल्या बाईला मुकादमानं हजेरीवर घेतलं ते ती कोणाची सून म्हणून नाही, मजूर म्हणून. छप्पनच्या काळात गावाला जे जमलं नव्हतं, ते एका अनोळखी हजेरीपटानं केलं. संस्थेची ताकद इथं कळते.

बलुत्याचा खरा शेवट मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि तो इंग्रजांनी केला नाही, सोयाबीननं केला. नव्वदच्या दशकात आपल्या जिल्ह्यात सोयाबीन शिरलं आणि बघता बघता ज्वारी हटली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल कमी झाले, बैल गेले तशी लाकडी तिफण आणि वखर गेलं, आणि त्यासोबत सुताराचं काम. सोयाबीन सोंगून ढीग लावायचा, मळणीयंत्र आणायचं, पोती भरायची आणि थेट अडत्याकडं न्यायची. खळं सारवणं संपलं. जिथं माप व्हायचं ती जागाच राहिली नाही. आमच्या गावातले म्हातारे सुतारबुवा शेवटची काही वर्षं सुगीत चार घरी जायचे. लोक त्यांना पायलीभर दाणे द्यायचे, पण ते हक्क म्हणून नाही, दया म्हणून. मग त्यांनी जाणं सोडलं. त्यांचा मुलगा आता पुण्यात फर्निचरच्या कारखान्यात आहे.

सोंगणीचंही तेच. पूर्वी सावड होती. आज तुमच्या वावरात आमच्या घरची चार माणसं, उद्या आमच्या वावरात तुमची. आता गुत्ता आहे. एकराचा भाव ठरतो, टोळी येते, दोन दिवसांत रान मोकळं करून जाते. टोळीतल्या एकाही बाईचं नाव मला सांगता येणार नाही. पाहा, शहरात न जाता गावच शहरासारखं झालं. ट्योनीज हेच सांगत होता. गावकी आणि संस्था या दोन जागा नाहीत, दोन पद्धती आहेत.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, म्हणजे जुनं तेच सोनं. थांबा. आता त्या बाईच्या वाक्याकडं येतो.

बलुत्याच्या ओळीत महारही होता. पण सुताराला काम ठरलेलं होतं, महाराला नव्हतं. वेसकरकी, सांगावा नेणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं, मेलेलं ढोर ओढणं, रात्री-बेरात्री जे पाटील सांगेल ते. बदल्यात भाकरतुकडा आणि खळ्यावरचं उरलंसुरलं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदलाचं विधेयक आणलं ते यासाठीच. त्यांचं म्हणणं असं, की या कामाचा मोबदला सरकारनं ठरवावा आणि ज्याला वतन नको त्याला त्यातून सुटता यावं. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. सुटता यावं. गावकीत नेमकी तीच सोय नव्हती.

आणि सुटायचा प्रयत्न केला की काय व्हायचं? बहिष्कार. दुकानदार मीठ देणार नाही, कोणी कामाला बोलावणार नाही, ढोरं चरायला रान नाही, पाणवठा बंद. लक्षात घ्या, जी दोरी मयतीच्या दिवशी तीनशे माणसं जमवते, तीच दोरी बहिष्काराच्या दिवशी तीनशे दारं बंद करते. दोन वेगळ्या दोऱ्या नाहीत त्या. सगळे सगळ्यांना ओळखतात, सगळे एकमेकांवर अवलंबून आहेत, म्हणून तर बहिष्कार चालतो. पुण्यात कोणी कोणावर बहिष्कार टाकायचा म्हटलं तर एक दुकान बंद होईल, शेजारचं उघडं असेल.

म्हणून ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांच्या गुणगानावर कडक टीका केली आणि संविधानाचा पाया गाव नाही तर व्यक्ती धरली याबद्दल समाधान सांगितलं. मेटकाफ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० मध्ये आपल्या खेड्यांना छोटी प्रजासत्ताकं म्हटलं होतं आणि आपल्याकडचे कितीतरी पुढारी तेच धरून बसले होते. ज्याला प्रजासत्ताकात मत नव्हतं, त्यानं ते खोडून काढलं.

मग प्रश्न उरतो. गावकी नको म्हणून माणूस शहरात गेला, तर मयतीला अकराच माणसं का? मधला रस्ता नाही का?

आहे, आणि तो महाराष्ट्रातच निघालाय. पुण्याच्या भुसार बाजारात पाठीवर पोती वाहणारे हमाल बहुतेक खेड्यांतून आलेले. व्यापाऱ्यानं बोलावलं तर काम, नाहीतर घरी. म्हातारपण आलं, कंबर मोडली की शून्य. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात त्यांची हमाल पंचायत उभी केली. नावातच गंमत पाहा. 'पंचायत' शब्द गावाकडचा, पण ही जातीची पंचायत नाही. पावती फाडून सभासद व्हायचं, हिशेब दाखवायचा, पटलं नाही तर सोडायचं. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यासाठी मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांची मोठी लढाई उभी केली होती.

हा कायदा कसा चालतो ते समजून घ्या, कारण मला यात बलुतं दिसलं. हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. मग त्याचा भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा? कायद्यानं एक मंडळ केलं. त्यात व्यापारीही नोंदवायचे आणि कामगारही. व्यापारी मजुरी मंडळाकडं भरतो आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यानं लेव्ही भरतो. त्या लेव्हीतून हमालाचा निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस निघतो. म्हणजे काय झालं? सुतार जसा एका शेतकऱ्याचा नव्हता, गावाचा होता, तसा हमाल एका शेठचा नाही, अख्ख्या बाजाराचा आहे. सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं आणि एकाचं वर्ष निघायचं. बलुत्यातला चांगला भाग तेवढा उचलला. पण जन्मानं चिकटत नाही, हक्क लेखी आहे, भांडायला जागा आहे आणि सोडून जाता येतं. त्याच हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' नावाचं स्वस्त जेवणाचं केंद्र काढलं. मयतीच्या दिवशी शेजारून येणारी पिठलं-भाकर आठवा. तीच, फक्त रोजची आणि जात न विचारता.

मात्र यालाही मर्यादा आहेत. नोंद झालेल्यालाच सगळं मिळतं. जो नोंदीबाहेर राहिला, कंत्राटदाराच्या हाताखालचा, तो तसाच लोंबकळत राहतो. पुण्यात गेलेला तो रखवालदार अशाच मधल्या जागेत होता. गाव सुटलं होतं आणि संस्था मिळाली नव्हती. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक पोरं आज नेमकी तिथंच आहेत. ना खळं, ना लेव्ही.

आणि एक धोका. शहरात आपली मंडळं निघतात. काही चांगली आहेत. पण बरीच मंडळं चार वर्षांत एका जातीची होतात, वधू-वर मेळावा भरवतात, निवडणुकीला बॅनर लावतात. म्हणजे नाव संस्थेचं आणि आत पुन्हा गावकीच, तीही तिच्यातला मयतीचा भाग वगळून. ओळखायचं कसं? साधी परीक्षा आहे. सभासद होताना आडनाव बघतात की नुसता पत्ता घेतात? जमाखर्च सगळ्यांना दिसतो का? आणि अध्यक्षाशी भांडलेल्या माणसाच्या घरी मयत झाली तर मंडळ जातं का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक मंडळं नापास होतात.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. मोठं काही नाही.

पुण्यात राहणाऱ्या वाशीमकरांनी आपापल्या भागापुरती एक यादी करावी. रात्री येऊन दाखला देईल असा ओळखीचा डॉक्टर, शववाहिकेचा नंबर, पासची खिडकी कुठं आणि केव्हा उघडते, आणि फोन केल्यावर येतील अशी दहा माणसं. आणि घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असेल तर जवळच्या एका डॉक्टरला नियमित दाखवत जा, त्याचे कागद एका पिशवीत ठेवा. त्या एका गोष्टीनं शवविच्छेदनाचा फेरा टळू शकतो. नोंदणी २१ दिवसांत करा, नंतर विलंबाचा त्रास आहे. आमच्या भावानं त्याच्या इमारतीत अशी यादी लावलीय. आडनावं नाहीत, फक्त खोली नंबर आणि फोन.

दुसरी गोष्ट गावाकडची आणि ती जास्त अवघड. १९७२ पासून बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ चालवली. पाणवठ्याचा प्रश्न नळानं बराच झाकला, पण स्मशानाचा तसाच आहे. मी आमच्या ग्रामसभेत एकाच स्मशानभूमीचा विषय लेखी दिलाय. पहिल्या सभेत कोरम नव्हता म्हणून गेला. दुसऱ्या सभेत एका काकांनी विचारलं, "तुले काय कमी हाय रे लेका, तू काऊन मधात पडतं?" मी म्हटलं, काका, मोठ्या आईच्या मयतीला त्या वस्तीतले वीसेक माणसं आले होते, रस्त्याच्या फाट्यापर्यंत. तिथून पुढं ते आले नाहीत. त्यांना कोणी थांबवलं नव्हतं. त्यांना माहीत होतं.

काका गप्प बसले. ठराव अजून झाला नाही. पुढची सभा २६ जानेवारीला आहे, विषय पुन्हा टाकलाय.

तुमच्या गावात स्मशानं किती आहेत, ते खाली लिहा. नुसता आकडा लिहिला तरी चालेल.